पोटगीचा हुकूम सीमेपलीकडे कसा पोचतो

म्युनिकच्या कौटुंबिक न्यायालयाने दिलेला पोटगीचा हुकूम न्यू जर्सीतल्या कंपनीच्या पगार विभागावर बंधनकारक नसतो. हुकमाची प्रत तिथे नेऊन दिली, तरी कंपनी पगारातून एक डॉलरही कापणार नाही. न्यायालयाचा अंमल त्याच्या देशाच्या हद्दीपर्यंतच चालतो. म्हणूनच नोकरीसाठी दुसऱ्या देशात गेलेल्या बापाने किंवा आईने पोटगी बंद केली, की मागे राहिलेल्या मुलाच्या हातात खरा, सहीशिक्क्याचा, पण निरुपयोगी कागद उरतो.

ही अडचण सोडवण्यासाठी हेग इथे 23 नोव्हेंबर 2007 रोजी एक आंतरराष्ट्रीय करार झाला. आपण त्याला हेग पोटगी करार म्हणू. नॉर्वे आणि अल्बानियापासून 2013 मध्ये तो अमलात आला, 2014 मध्ये युरोपीय संघ आला आणि 1 जानेवारी 2017 पासून अमेरिका. करार झाला त्याच दिवशी अमेरिकेने सही केली होती, तरी प्रत्यक्षात यायला तिला नऊ वर्षं लागली, कारण तिथे पोटगीचा कायदा राज्याराज्याचा आहे आणि प्रत्येक राज्याने आपला कायदा आधी बदलावा लागला. भारत या करारात नाही. तरीही हा करार मराठी घरांपर्यंत पोचतो, कारण तो नागरिकत्व विचारत नाही, राहण्याचं ठिकाण विचारतो. जर्मनीत राहणारी पुण्याची आई आणि अमेरिकेत राहणारा नाशिकचा बाप, दोघांकडेही भारतीय पासपोर्ट असले, तरी त्यांच्यातल्या पोटगीला हा करार लागू होतो.

असंच एक घर समोर ठेवू. माणसं कल्पित आहेत, पण पायऱ्या आणि जर्मनीतले आकडे खरे. नवरा-बायको दोघंही म्युनिकमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत. मुलगी तिथेच जन्मली, तिथेच बालवाडीत गेली. 2023 मध्ये ते वेगळे झाले. 2024 मध्ये कौटुंबिक न्यायालयाने मुलीची पोटगी ठरवली. सुनावणीला बाप वकिलासह हजर होता. त्यानंतर काही महिन्यांत त्याला न्यू जर्सीत नोकरी मिळाली आणि तो गेला. जानेवारी 2025 पर्यंत पैसे येत राहिले, फेब्रुवारीपासून बंद झाले. मुलगी तेव्हा सात वर्षांची.

आईने पहिल्यांदा जायचं ते वकिलाकडे नाही, तर शहराच्या बालकल्याण कार्यालयात. जर्मन भाषेत त्याला युगेंडआम्ट म्हणतात. तिथे दोन गोष्टी होतात. एक म्हणजे मुलीच्या वतीने पोटगी वसूल करण्याचं काम ते कार्यालय विनामूल्य अंगावर घेऊ शकतं. दुसरी म्हणजे बाप देत नाही तोवर सरकार मुलीला आगाऊ रक्कम देतं. 2025 मध्ये सहा ते अकरा वर्षांच्या मुलासाठी ही रक्कम महिन्याला 299 युरो होती. पोरीचा दूध-शाळेचा खर्च बापाच्या मर्जीसाठी थांबत नाही, ही जर्मन व्यवस्थेतली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट आहे. मात्र हे पैसे सरकार सोडून देत नाही. जेवढं सरकारने भरलं, तेवढा बापाकडून घेण्याचा हक्क सरकारकडे जातो. पुढे हिशेब करताना हे विसरलं, तर अर्ज परत येतो.

आता हुकूम उघडून बघू. इथेच पहिली ठेच लागते. जर्मन न्यायालयं मुलांची पोटगी बऱ्याचदा ठरावीक रकमेत न लिहिता टक्क्यांत लिहितात: “त्या त्या वयोगटासाठी कायद्याने ठरलेल्या किमान पोटगीच्या 120 टक्के, वजा बालभत्त्याचा निम्मा भाग.” जर्मनीत हे सोयीचं आहे. किमान रक्कम सरकार वेळोवेळी बदलतं, मूल मोठं झालं की वयोगट बदलतो, आणि आईला दर वेळी न्यायालयात जावं लागत नाही. पण न्यू जर्सीतल्या कारकुनाला जर्मनीतली किमान पोटगी किती आणि बालभत्ता किती, हे कुठून कळणार? रक्कम नसलेला हुकूम त्याला राबवताच येत नाही. म्हणून जर्मन कायद्यातच सोय आहे: परदेशात वसुलीसाठी हुकूम जाणार असेल, तर टक्क्यांचा आकडा करून मागता येतो.

आपल्या मुलीचा आकडा असा येतो. 2025 साठी तिच्या वयोगटाची किमान पोटगी 554 युरो. तिचे 120 टक्के म्हणजे 664 युरो 80 सेंट, आणि नियमाप्रमाणे पूर्ण युरोत वर घेऊन 665. बालभत्ता 255 युरो, त्याचा निम्मा 127 युरो 50 सेंट. वजा जाता बापाने महिन्याला 537 युरो 50 सेंट द्यायचे. फेब्रुवारी ते नोव्हेंबर 2025 या दहा महिन्यांत थकले 5,375 युरो. त्यातले 2,990 सरकारने आगाऊ दिले, ते सरकारचे. उरलेले 2,385 मुलीचे. थकबाकीचा तक्ता महिनावार, असा दोन हिश्श्यांत मांडलेला असला, की अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला प्रश्न पडत नाही. आईने सगळेच 5,375 आपल्या नावावर मागितले, तर बापाच्या वकिलाला पहिला आक्षेप आयता मिळतो.

रकमेच्या कागदाबरोबर आणखी तीन गोष्टी लागतात. हुकमाची संपूर्ण प्रत. तो जर्मनीत राबवता येतो असा दाखला. आणि बाप सुनावणीला आला नसेल, तर त्याला नोटीस मिळाली होती आणि म्हणणं मांडायची संधी होती याचा दाखला. आपल्या उदाहरणात बाप स्वतः हजर होता, म्हणून तिसरा प्रश्न सुटला. हे सगळं इंग्रजीत भाषांतर करून जातं. कराराखाली जाणाऱ्या कागदांना अपोस्टिलचा शिक्का लागत नाही. एजंटाच्या नादी लागून त्यावर पैसे घालवायचं काही कारण नाही.

अर्ज आधी म्युनिकच्या स्थानिक न्यायालयात तपासला जातो आणि तिथून बॉनला, केंद्रीय न्याय कार्यालयाकडे जातो. करारात सामील असलेल्या प्रत्येक देशाला असं एक मध्यवर्ती कार्यालय नेमावं लागतं. हीच या व्यवस्थेची खरी ताकद आहे. आईला न्यू जर्सीत वकील शोधावा लागत नाही, तिथल्या न्यायालयाचा पत्ता शोधावा लागत नाही, मध्यरात्री उठून फोन करावे लागत नाहीत. बॉनचं कार्यालय तिकडच्या कार्यालयाशी बोलतं. अर्ज मिळाल्याची पोच सहा आठवड्यांत द्यायची आणि त्यापुढच्या तीन महिन्यांत प्रकरण कुठवर आलं ते कळवायचं, हे करारातच लिहिलेलं आहे. मूल 21 वर्षांखालचं असेल, तर त्याच्या पोटगीसाठी तिकडची कायदेशीर मदतही फुकट मिळते. पोच आली नाही, तर आईने बॉनला ही मुदत दाखवून विचारावं. गप्प बसून वर्ष घालवू नये.

अमेरिकेत पुढचं काम राज्याच्या पोटगी वसुली खात्याचं. ते आधी माणूस शोधतं. आईला त्याचा पत्ता ठाऊक नसला तरी चालतं. अमेरिकेत कुणालाही नोकरीवर घेतलं, की मालकाने ती माहिती 20 दिवसांच्या आत सरकारी नोंदवहीत कळवायची असते, आणि ही देशव्यापी नोंदवही मुळात पोटगीच्या वसुलीसाठीच उभी केलेली आहे. पण शोध घ्यायला नाव पुरत नाही. जोशी, पाटील, देशपांडे या नावांची माणसं न्यू जर्सीत थोडीथोडकी नाहीत. त्याची जन्मतारीख, असल्यास अमेरिकेतला सोशल सिक्युरिटी क्रमांक, शेवटचा ठाऊक असलेला मालक, पासपोर्टप्रमाणे नावाचं नेमकं स्पेलिंग, एक फोटो, एवढं अर्जात असलं की शोध लागतो. भारतीय पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांची सरमिसळ झालेली असते. जर्मनीतल्या कागदांवर एक आणि अमेरिकेतल्या पगारपत्रकावर दुसरं, असं असेल तर दोन्ही रूपं लिहून द्यावीत.

माणूस सापडला, की हुकूम न्यू जर्सीच्या न्यायालयात नोंदला जातो आणि बापाला नोटीस जाते. आक्षेप घ्यायला त्याला 30 दिवस मिळतात. या टप्प्यावर बरेच बाप जे म्हणतात ते ऐकायला न्यायालय तयार नसतं. “रक्कम जास्त लावली”, “तिला माझ्याएवढाच पगार आहे”, “मला मुलीला भेटू देत नाही, व्हिडिओवरसुद्धा बोलू देत नाही.” यातलं शेवटचं गाऱ्हाणं खरंही असू शकतं आणि त्याचं दुःखही खरं असतं. पण त्यासाठी वेगळा मार्ग आहे. भेट मिळाली तरच पोटगी, अशी अट अमेरिकेतलं न्यायालय इथे घालू शकत नाही, हे तिथल्या कायद्यात स्पष्ट आहे. जर्मन न्यायालयाने रक्कम बरोबर ठरवली की चूक, हेही न्यू जर्सीत पुन्हा तपासायचं नसतं. नोटीसच मिळाली नव्हती, फसवणूक झाली, पैसे आधीच भरलेत, किंवा हुकूम देणाऱ्या न्यायालयाला माझ्यावर अधिकारच नव्हता, असे मोजकेच आक्षेप चालतात.

या शेवटच्या आक्षेपापाशी जरा थांबायला हवं, कारण अमेरिकेत पाठवलेले परदेशी हुकूम अडकतात ते इथे. युरोपात मूल जिथे राहतं तिथलं न्यायालय पोटगी ठरवू शकतं. देणारा माणूस त्या देशात कधी आला होता की नाही, याने फरक पडत नाही. अमेरिकेत हे चालत नाही. तिथल्या राज्यघटनेप्रमाणे ज्याच्याकडून पैसे घ्यायचे, त्याचा त्या जागेशी स्वतःचा संबंध असावा लागतो. 1978 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कुल्को खटल्यात हेच सांगितलं. मुलं आईकडे कॅलिफोर्नियात राहतात, एवढ्यावरून न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या बापावर कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाला पोटगी लावता येणार नाही. म्हणून हेग करारात येताना अमेरिकेने अट नोंदवली: निव्वळ पोटगी मागणाऱ्याच्या राहण्याच्या ठिकाणावर आधारलेला हुकूम आम्ही मानणार नाही. मात्र मूल त्या देशात राहत असेल आणि बापही तिथे त्याच्याबरोबर राहिला असेल, तर तो आधार अमेरिकेला मान्य आहे.

आपल्या उदाहरणातला बाप मुलीबरोबर म्युनिकच्या घरात राहिला होता, आणि खटल्यात हजरही झाला होता. त्याचा आक्षेप टिकत नाही. पण समजा गरोदर बायकोला सोडून तो आधीच अमेरिकेला गेला असता, मुलगी नंतर जन्मली असती, आणि म्युनिकच्या खटल्याकडे त्याने पाठ फिरवली असती, तर तोच जर्मन हुकूम न्यू जर्सीत नाकारला गेला असता. तिथेही करार मुलीला वाऱ्यावर सोडत नाही. या कारणाने हुकूम नाकारला, तर नाकारणाऱ्या देशाने स्वतः नवीन हुकूम मिळवून देण्यासाठी पावलं उचलायची असतात. तेच वसुली खातं, तोच फुकट खर्च, पण रक्कम मात्र न्यू जर्सीच्या कोष्टकाप्रमाणे, दोघांच्या उत्पन्नावरून ठरते. पगारदार बापाच्या बाबतीत ती कमी येईलच असं नाही. म्हणून जर्मन हुकूम मिळवताना, बाप कुठे, किती काळ मुलीबरोबर राहिला, हे निकालपत्रात लिहून घ्यायला वकिलाला सांगावं. एका वाक्याचं काम असतं, आणि पुढे त्या वाक्यावर प्रकरण तरतं.

नोंदणी पक्की झाली, की वसुलीचं मुख्य साधन पगारकपात. खात्याचा आदेश थेट मालकाला जातो आणि मालक दर पगाराला रक्कम कापून राज्याच्या केंद्राकडे पाठवतो. युरोचा आकडा चालू दराने डॉलरमध्ये बदलून घेतला जातो. सक्तीच्या कपाती जाऊन जो पगार उरतो, त्याच्या 50 ते 65 टक्क्यांपर्यंतच पोटगीसाठी कापता येतं. दुसरं कुटुंब सांभाळायचं आहे का आणि थकबाकी किती जुनी आहे, यावर ती मर्यादा ठरते. चालू महिन्याची रक्कम आधी, थकबाकी थोडीथोडी नंतर. इथून पुढे आईने करायचं एकच: विनिमयदर बदलल्यामुळे हाती पडणारे युरो 537 युरो 50 सेंटांपेक्षा कमी येत आहेत का, ते दर महिन्याला लिहून ठेवायचं. देणं युरोत आहे. पाच-पंधरा युरोंची तूट दोन वर्षांत मोठी होते, आणि तक्ता तयार असला तर ती थकबाकीत मागता येते. मुलीच्या वयाप्रमाणे रक्कम वाढली, की नवा आकडा पुन्हा बॉनमार्फत पाठवायचा. न्यू जर्सीला ते आपोआप कळत नाही.

बाप स्वतःचा धंदा करणारा असेल, तर हे सगळं फार सैल पडतं. पगारच नाही, तर कापायचं कुठून? मग बँक खाती, मालमत्ता, वाहन परवाना रोखणं असे उपाय राहतात. थकबाकी 2,500 डॉलरच्या वर गेली, तर अमेरिका आपल्या नागरिकाला पासपोर्ट नाकारते. पण आपला बाप भारतीय पासपोर्टवर, कामाच्या व्हिसावर असल्याने तो धाक त्याला नाही.

रक्कम कमी करून घ्यायची असेल, तर त्याने काय करावं? नोकरी गेली, पगार घटला, हे होऊ शकतं आणि त्यावर न्याय मिळायला हवाच. पण करार म्हणतो, की ज्या देशाने हुकूम दिला त्या देशात आई-मूल राहतंय, तोवर बापाने दुसऱ्या देशात जाऊन रक्कम बदलून घेऊ नये. त्याने म्युनिकच्या न्यायालयातच अर्ज करायचा. या एका नियमामुळे सोयीचं न्यायालय शोधत फिरण्याचा खेळ थांबतो.

हे वाचून ज्या आईच्या मनात मुलीला घेऊन पुण्याला परतायचं असेल, तिने इथे लक्ष द्यावं. आईने जर्मनी सोडली, की बॉनच्या कार्यालयाचा दरवाजा नव्या अर्जासाठी बंद होतो, कारण अर्ज राहत्या देशाच्या कार्यालयातूनच करायचा असतो, आणि भारतात असं कार्यालयच नाही. सरकारी आगाऊ रक्कमही थांबते. बापाला रक्कम फक्त म्युनिकमध्येच बदलून मागता येते, ही अडही सैल होते. न्यू जर्सीत आधीच नोंदलेला हुकूम मात्र मरत नाही. पगारकपात चालू राहू शकते. पैसे कोणत्या खात्यात पाठवायचे ते तिकडच्या खात्याला वेळेवर कळवावं लागतं. म्हणजे परतायचं असेल, तर न्यू जर्सीतली नोंदणी पूर्ण होऊन पहिले काही हप्ते आल्यावर परतावं. नोंदणीआधी परतलेल्या आईला हेच काम स्वतःच्या खर्चाने, अमेरिकेत वकील करून, पहिल्यापासून करावं लागण्याचा धोका असतो.

उलट बाजूही बघा. बापच अमेरिका सोडून भारतात आला तर? हेग कराराची वाट संपते. परदेशी निकाल भारतात थेट राबवायचा, तर तो देश भारत सरकारने त्यासाठी जाहीर केलेल्यांपैकी असावा लागतो. ब्रिटन त्यात आहे, सिंगापूर आहे, 2020 पासून संयुक्त अरब अमिरातही आहे. जर्मनी नाही, अमेरिका नाही. त्या जर्मन हुकमाच्या आधाराने इथे नवा दावा लावावा लागतो, आणि त्यातली वर्षं कुणी मोजून द्यावीत अशी नसतात.

आता पुण्यातच राहिलेली आई. महाराष्ट्रात ही गोष्ट सर्वात जास्त दिसते: मुलगा इथे, बाप परदेशात, पोटगीचा हुकूम शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाचा. पूर्वीच्या फौजदारी संहितेचं कलम 125, आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144. हुकूम मोडला तर वॉरंट आणि तुरुंग आहे, पण ते वॉरंट एडिसनला बजावायला कुणी जात नाही. बापाच्या नावावर इथे फ्लॅट, जमीन किंवा बँकेत ठेव असेल, तर त्यावर वसुली होऊ शकते, म्हणून 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालाप्रमाणे दोन्ही बाजूंनी जे मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं असतं, ते त्याच्याकडून आग्रहाने भरून घ्यावं. आणि थकलेल्या प्रत्येक रकमेसाठी, ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत दरखास्त करावी लागते. तो येईल तेव्हा बघू म्हणून थांबलेल्या बायकांची जुनी थकबाकी या एका मुदतीवर अडकते.

बाप ब्रिटनमध्ये असेल, तर एक जुनी वाट अजून उघडी आहे. 1921 चा पोटगी हुकूम अंमलबजावणी कायदा भारतात आहे, आणि ब्रिटनने ज्या देशांचे पोटगीचे हुकूम परस्पर राबवायचं मान्य केलंय, त्यांत भारत आहे. इथल्या न्यायालयाकडून कागद सरकारी मार्गाने तिकडे जातात, तिथे हुकूम नोंदला जातो आणि वसुली तिथलं न्यायालय बघतं. शंभर वर्षांपूर्वीच्या या कायद्याचं नाव आपल्याकडे न्यायालयातही क्वचित घेतलं जातं. आईने आपल्या वकिलाला तो नावानिशी विचारावा.

अमेरिकेसाठी अशी वाट नाही. 1956 चा संयुक्त राष्ट्रांचा पोटगी करार आहे, त्यात पाकिस्तान आणि श्रीलंका आले, भारत आला नाही, अमेरिकाही नाही. हेग करारात फिलिपिन्स 2022 पासून आहे. ज्या देशातून इतकी माणसं कामासाठी परदेशी जातात, त्याने आपल्या मुलांसाठी तिथे बसायला हवं, हे फिलिपिन्सने ओळखलं. भारताने नोटिसा बजावण्याचा आणि पुराव्याचा, असे हेगचे दोन करार स्वीकारलेले आहेत, अपोस्टिलचाही स्वीकारला आहे. पोटगीचाच तेवढा राहावा, याला मला एकही पटणारं कारण दिसत नाही.

तोवर अमेरिकेतल्या बापाविरुद्ध पुण्यातल्या आईला दोन मार्ग राहतात. पहिला म्हणजे इथला हुकूम तिकडच्या न्यायालयाने सौजन्य म्हणून मान्य करावा, अशी विनंती. बापाला नोटीस मिळाली होती का आणि तो मुलाबरोबर इथे राहिला होता का, हे तिथे बारकाईने पाहिलं जातं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या नोटिशीवर मिळालेला एकतर्फी हुकूम तिथे तग धरेल याचा भरवसा नाही. म्हणून खटला सुरू करतानाच नोटीस हेगच्या बजावणी कराराच्या मार्गाने पाठवावी, वेळ लागला तरी. दुसरा मार्ग म्हणजे बाप राहतो त्या राज्यातच नव्याने पोटगी मागणं. तिथे त्याच्यावर न्यायालयाचा अधिकार आहे की नाही हा प्रश्नच येत नाही, आणि रक्कम त्याच्या डॉलरमधल्या पगारावरून ठरते. राज्याचं वसुली खातं करार नसलेल्या देशातल्या अर्जदाराला मदत करू शकतं, पण ते त्याच्यावर बंधनकारक नाही. एका राज्यात हो म्हणतील, दुसऱ्यात नाही. विचारायला पैसे लागत नाहीत, म्हणून वकिलाची फी भरण्याआधी त्या खात्याला लेखी विचारावं.

या दुसऱ्या मार्गाने जाताना बायका ज्या भीतीने मागे फिरतात, त्या दोन्हींना अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी स्वीकारलेल्या त्या कायद्यात उत्तर आहे. अर्जदाराला व्हिसा काढून न्यायालयात उभं राहावं लागत नाही; साक्ष फोनवर किंवा व्हिडिओवर देता येते. आणि पोटगीसाठी अर्ज केला, म्हणून तेवढ्यावरून तिथल्या न्यायालयाला आईवर घटस्फोटाचा किंवा मुलाच्या ताब्याचा खटला चालवण्याचा अधिकार मिळत नाही.